पालुपद कोणी म्हणायचं?

मराठीत पालुपदाला दोन तोंडं आहेत. कीर्तनात टाळकरी ज्या ओळीवर परत परत येतात तिला आपण ध्रुपद म्हणतो. त्या शब्दात ध्रुव आहे, न हलणारा, ज्याच्याकडे बघून वाट सापडते असा. आणि घरात कोणी तीच गोष्ट चौथ्यांदा काढली की आपण म्हणतो, 'काय सारखं तेच पालुपद लावलंयस?' म्हणजे एकाच गोष्टीला आपण देवळात आधार मानतो आणि स्वयंपाकघरात वैताग. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. आमच्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत वाद झाला तेव्हा सुचलं.

त्या दिवशी आम्ही व्हिलनेल हा काव्यप्रकार वाचत होतो. सर म्हणाले, परत येणारी ओळ हा वाचकाचा आश्रय असतो, कवितेत हरवलो तरी तिथे परत येता येतं. मी म्हटलं, सर, मला तर ती ओळ परत आली की कोणीतरी दार बाहेरून लावून घेतल्यासारखं वाटतं. सगळे हसले, चहा आला, विषय तिथेच राहिला. पण माझ्या डोक्यात तो भुंग्यासारखा फिरत राहिला. (हसू नका, विषयच तसा आहे.) आता बाजू मांडते. सर वाचतीलच.

आधी व्हिलनेलची रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकूण 19 ओळी. तीन-तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचं एक. सगळ्या कवितेत यमकं फक्त दोन. पहिल्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ ही दोन पालुपदं. त्यांचं एकमेकींशी यमक जुळतं, पण दोघींच्या मध्ये एक परकी ओळ उभी असते. मग पहिली ओळ दुसऱ्या कडव्याच्या शेवटी येते, तिसरी ओळ तिसऱ्याच्या शेवटी, पुन्हा पहिली, पुन्हा तिसरी, अशा पाळ्या लागतात. शेवटच्या कडव्यात मात्र दोघी लागोपाठ येतात, अठरावी आणि एकोणिसावी.

आता जरा मोजून बघा. 19 पैकी 8 ओळी पालुपदांच्या झाल्या. कवीच्या हातात नवीन सांगायला उरल्या 11. पहिलं कडवं संपल्यावर दर तिसऱ्या ओळीला पालुपद येतं: सहावी, नववी, बारावी, पंधरावी, अठरावी. कानाला या अंतराची सवय होते. आणि अठराव्या ओळीनंतर, दोन ओळी थांबायला हव्यात असं वाटत असतानाच, दुसरं पालुपद लगेच अंगावर येतं. सबंध कवितेत ज्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवलं होतं त्या शेवटी शेजारी येतात. माझ्या मते व्हिलनेलची सगळी ताकद या एका जागेत आहे. तिथे काही घडलं तर कविता जमली. नाही घडलं तर तो नुसता कशिदा.

आता माझं म्हणणं. परत येणारी ओळ दिलासा देते की झपाटून टाकते, हे त्या ओळीत काय लिहिलंय त्यावर ठरत नाही आणि ती किती वेळा येते त्यावरही नाही. ती ओळ म्हणतो कोण, आणि तिला उत्तर द्यायला दुसरं कोणी आहे का, यावर ठरतं.

पोवाडा आठवून बघा. शाहीर चौक म्हणतो, आणि मागे उभे असलेले झीलकरी झील धरतात. शाहिराचा दम संपतो तिथे त्यांचा सुरू होतो. ते काही नवी माहिती देत नाहीत, लढाई पुढे सरकवत नाहीत. पण तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो आणि ऐकणारा मागचं चौक मनात लावून घेतो. आमच्या घरात रोजरीचंही असंच असतं. मारियेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. पाच दशकं म्हणजे पन्नास वेळा तेच शब्द, पण कोणालाही पन्नास वेळा सगळी प्रार्थना एकट्याने म्हणावी लागत नाही. तुम्ही अर्ध्यावर सोडता आणि कोणीतरी ती उचलतं. हे उचललं जाणं म्हणजेच दिलासा, असं मला वाटतं. कारण माझी आजी दुपारी एकटीच रोजरी घेऊन बसते तेव्हा दोन्ही अर्धे तिलाच म्हणावे लागतात, आणि ते ऐकायला अगदी वेगळं लागतं. मध्ये कुठे फटच राहत नाही.

व्हिलनेल म्हणजे नेमकी ही एकटीने म्हटलेली रोजरी आहे.

गंमत म्हणजे ती सुरुवातीला तशी नव्हती. हे नाव इटालियनमधल्या खेडूत या अर्थाच्या शब्दावरून आलं. सोळाव्या शतकात व्हिलनेल म्हणजे गावरान थाटाचं, पालुपद असलेलं गाणं. त्याला ओळींचं ठरलेलं गणित नव्हतं. फ्रेंच कवी झां पासेरा याने हरवलेल्या होल्याच्या मादीवर एक व्हिलनेल लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर 1606 मध्ये छापली गेली आणि तिच्यात ही 19 ओळींची, दोन पालुपदांची मांडणी होती. पुढे एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्या एका कवितेलाच जुना नियम समजून घेतलं आणि तिच्या साच्यावर लिहायला सुरुवात केली. म्हणजे गाण्याचा प्रकार कागदावर आला, आणि येताना पालुपद तेवढं घेऊन आला. झीलकरी मागेच राहिले.

मग कागदावरच्या एकट्या माणसाने त्याच दोन ओळी चार-चार वेळा म्हणायच्या तरी कशा? दोन कवितांनी याला दोन वेगळी उत्तरं दिली आहेत, आणि दोन्ही आपल्या अभ्यासक्रमात कधी ना कधी येऊन जातात.

पहिली डिलन थॉमसची. वेल्सच्या या कवीने ती मरणाकडे चाललेल्या वडिलांसाठी लिहिली. ती 1951 मध्ये प्रसिद्ध झाली, वडील 1952 च्या डिसेंबरात गेले आणि पुढच्याच वर्षी कवीही गेला. थॉमस दोन्ही पालुपदांना जराही हात लावत नाही. अक्षर न अक्षर तसंच. तरीही वाचताना ती थिजलेली वाटत नाहीत, आणि याचं कारण व्याकरणात आहे. पहिल्या कडव्यात दोन्ही ओळी आज्ञा आहेत: एक 'असं करू नकोस' म्हणणारी, दुसरी 'असं कर' म्हणणारी. मधल्या चार कडव्यांत तो चार तऱ्हेच्या माणसांबद्दल बोलतो, आणि तीच ओळ आता त्या माणसांचं क्रियापद होते. ती 'करू नकोस' राहत नाही, 'ते करत नाहीत' अशी होते. इंग्रजीत आज्ञार्थ आणि अनेकवचनी वर्तमानकाळ यांची रूपं एकच दिसतात, म्हणून एक अक्षर न बदलता हे साधतं. शेवटच्या कडव्यात तो वडिलांकडे वळतो आणि दोन्ही ओळी पुन्हा आज्ञा होतात, लागोपाठ.

पण ऐका, वडील काही बोलत नाहीत. सहा कडव्यांत त्यांचा एक शब्द नाही. तो चार प्रकारच्या माणसांचे दाखले देतो, जणू वकील साक्षीदार उभे करतोय, आणि खाटेवरचा माणूस गप्प. मला या कवितेत आधार दिसत नाही तो यामुळेच. लोक ती धीर देणारी म्हणून वाचतात, मोठ्या आवाजात म्हणतात. मला तो दार ठोठावणाऱ्या मुलाचा आवाज वाटतो. कोणी उघडत नाही म्हणून तो तीच दोन वाक्यं आणखी जोरात म्हणतोय.

दुसरी कविता एलिझाबेथ बिशपची, 'वन आर्ट'. 1976 मध्ये आली. ही अमेरिकन कवयित्री आठ महिन्यांची असताना तिचे वडील गेले. पाच वर्षांची असताना आईला मनोरुग्णालयात ठेवलं, त्यानंतर मायलेकींची भेट नाही. पुढे ती ब्राझीलमध्ये राहिली, तिथे घर झालं, आणि तेही सुटलं. हे मी सांगतेय कारण कविता गमावण्याबद्दल आहे. पण बिशप रडत नाही. ती शिकवायला बसते. गमावणं ही एक कला आहे आणि ती जमायला फारशी अवघड नाही, असा तिचा पवित्रा. आधी किल्ल्या हरवून बघा, मग एखादा वाया गेलेला तास, मग गावांची नावं, आईचं घड्याळ, आवडती घरं, शहरं, नद्या, एक खंड. वस्तू मोठ्या होत जातात आणि दर वेळी पालुपद येऊन सांगतं, काही बिघडत नाही.

थॉमसच्या उलट, बिशप तिचं दुसरं पालुपद दर वेळी बदलते. ओळीतला फक्त शेवटचा शब्द कायम, डिझास्टर, अनर्थ. बाकी वाक्य प्रत्येक वेळी नवं. दर वेळी ते सांगतं की हा काही अनर्थ नव्हे. आणि यातच पकडली जाते ती. जी गोष्ट अनर्थ नाही तिच्याबद्दल कोणी इतक्या वेळा सांगतं का? चोर नाही असं न विचारता चारदा सांगणाऱ्या माणसाकडे आपण कसं बघू? पालुपद आलं की आपण तिच्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही, ते पुन्हा आलं या गोष्टीवर ठेवतो. माझ्या सरांना हाच मुद्दा मी नीट सांगू शकले नव्हते. वरवर बघितलं तर 'वन आर्ट'चं पालुपद हे शुद्ध दिलाशाचं वाक्य आहे. असं वाक्य माणूस स्वतःच स्वतःला परत परत म्हणू लागला की त्याचा भुंगा होतो.

या कवितेचे 17 खर्डे उरले आहेत. पहिला जवळजवळ गद्यच आहे, हरवलेल्या गोष्टींची मोकळी यादी. मधल्या काही खर्ड्यांत आधी लिहिलेलं सगळं खोटं होतं असं ती सरळ कबूल करू पाहते. छापलेल्या कवितेत ही कबुली नाही. तिच्या जागी काय आलं ते बघण्यासारखं आहे. शेवटच्या कडव्यात वस्तू संपतात आणि पहिल्यांदा 'तू' येतो, म्हणजे माणूस. पहिलं पालुपद किंचित डळमळतं, एक शब्द जास्तीचा घुसतो. आणि मग एकोणिसाव्या ओळीत, शेवटचा अनर्थ हा शब्द यायच्या आधी, 'सारखं' या अर्थाचा शब्द दोनदा येतो आणि त्या दोन्हींच्या मध्ये कंसात स्वतःलाच एक हुकूम: लिही ते.

व्हिलनेलच्या नियमात ही पुनरुक्ती बसत नाही. साच्याने ठरवलेल्या पुनरावृत्ती संपता संपता एक न ठरवलेली येते, अडखळल्याची. आणि तो कंस मला दुसरा आवाज वाटतो. सबंध कवितेत एकटीने चाललेल्या या रोजरीत शेवटच्या ओळीला कोणीतरी बाजूला येऊन बसतं आणि म्हणतं, म्हण आता. ती व्यक्तीही तीच आहे, हे खरं. पण एवढ्या एका जागेपुरतं तिने स्वतःचे दोन केले. मला दिलासा सापडला तो इथे, पालुपदात नव्हे.

इथे सर मला अडवतील हे माहीत आहे. म्हणतील, दोन आवाज असले की दिलासा हे तुझं सूत्र बॅलडला लावून बघ. लावलं, सर, आणि अडचण आली. फ्रान्सिस चाइल्डने गोळा केलेल्या 305 इंग्रजी-स्कॉटिश बॅलडांत बाराव्या क्रमांकावर 'लॉर्ड रॅंडल' आहे. तिथे पहिल्यापासून दोन आवाज आहेत. आई विचारते, मुलगा उत्तर देतो. कुठे गेला होतास, काय जेवलास, तुझे कुत्रे कुठे गेले. प्रत्येक उत्तराच्या शेवटी मुलगा तेच म्हणतो, आई, अंथरूण घाल, मला आडवं व्हायचंय. किती घरगुती मागणी. पहिल्यांदा ऐकताना वाटतं शिकारीवरून दमून आलाय. मग प्रेयसीकडे काय जेवला ते कळतं, कुत्रे मेल्याचं कळतं, आणि आई ओळखते की विष घातलंय. आता अंथरुणाची तीच मागणी येते, फक्त कारणाचे शब्द बदलतात: दमणुकीच्या जागी काळजातली वेदना. अंथरूण तेच, पण आता ते मरणाचं आहे.

दोन आवाज असूनही तिथे कोणाला दिलासा मिळत नाही, ना आईला ना मुलाला. मग माझं म्हणणं मला थोडं आवरतं घ्यावं लागेल. बॅलडमधलं उत्तर हे खरं उत्तर नाहीच. आई विचारते त्याला मुलगा अर्धवट बगल देतो आणि पालुपदाच्या मागे लपतो. ते पालुपद उचलणारे असतात ते कथेच्या बाहेर, गाणं ऐकत बसलेले, दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापासून ती ओळ बरोबर म्हणू लागणारे. आधार त्यांना मिळतो. त्यांना ठाऊक असतं की पोरगा मरणार आहे, तरी ते सगळे मिळून म्हणतात. पात्रं एकटी आणि गाणारे एकत्र, म्हणूनच माणसं इतकी भयंकर गाणी शतकानुशतकं संध्याकाळी बसून म्हणू शकली असावीत.

आता हे सगळं मला इतकं का लागलंय ते सांगते, नाहीतर लेख अप्रामाणिक होईल.

माझ्या आजीला विसर पडू लागलाय. माझा मोठा काका आखातात कामाला होता, तो तिकडेच गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. आजी रोज संध्याकाळी दिवे लागले की विचारते, 'आला काय गं तो?' पाच मिनिटांनी पुन्हा. झोपेपर्यंत मोजायचं आम्ही सोडून दिलंय. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. आजी, काका वारले. आणि दर वेळी तिला ती बातमी नवीन असायची. त्याच संध्याकाळी ती चार वेळा पहिल्यांदाच मुलगा गमावायची. मग एकदा आईने न ठरवता म्हटलं, 'येईल, बस चुकली असंल.' आजी म्हणाली, 'हां,' आणि शांत बसली. पुन्हा विचारलं, आईने पुन्हा तेच म्हटलं, त्याच शब्दांत. आता आमच्या घरात हे पाठच झालंय. शब्द बदलला तर चालत नाही. बाबांनी एकदा 'उद्या येईल' म्हटलं तर ती अस्वस्थ झाली, उद्या का, आज का नाही. तेच वाक्य, तोच सूर. प्रश्न तोच राहिला, तितक्याच वेळा येतो, पण त्याला झील मिळाली.

मी यावर मराठीत व्हिलनेल लिहायला बसले. पहिलं कडवं असं झालं:

दार लोटू नकोस, तो येईल आता,
अंगणात कोण उभं आहे बघ ना गं.
घड्याळ चालतंय का, पाहा जाता जाता.

मला वाटलं, जमलं. आणि मग एका दुपारीत सबंध कविता लिहून झाली, तिथेच शंका यायला हवी होती. 'आता'ला यमक म्हणून होता होता, लावता लावता, पाहता पाहता, राहता, वाहता अशी रूपं रांगेत उभी होती. मराठीत क्रियापदांची शेवटं जुळतात, त्यामुळे यमक फुकट मिळतं. बिशपला मास्टर आणि डिझास्टर यांना जोड शोधताना ओढाताण करावी लागली. एका ठिकाणी तिने दोन शब्द जोडून काम भागवलं, एका ठिकाणी गेस्चरसारखा अर्धवट जुळणारा शब्द घेतला. ती ओढाताण ऐकू येते, आणि माणूस कशात तरी अडकलाय असं वाटतं. माझी कविता अडकलीच नव्हती. ती झोपाळ्यावर बसल्यासारखी झुलत होती. म्हणून मी क्रियापदांची यमकं काढून टाकली आणि नामं घेतली: माथा, पत्ता. पूर्ण जुळत नाहीत, पण खटकतात, आणि खटकायलाच हवी होती.

दुसरी अडचण जास्त खोल होती. थॉमसची युक्ती मराठीत चालत नाही. आपल्याकडे 'जाऊ नकोस' आणि 'जात नाहीत' ही रूपं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एका ओळीत दोन्ही अर्थ लपवता येत नाहीत. 'लोटू नकोस' ही आज्ञाच राहते, काही केलं तरी. त्यात आपलं वाक्य क्रियापदावर येऊन संपतं, त्यामुळे पालुपद ही बंद पेटी होते, तिला मागच्या ओळीतून आत शिरता येत नाही. सहावी आणि अठरावी ओळ एकाखाली एक ठेवून वाचली तर काही म्हणता काही बदललं नव्हतं. व्हिलनेल फसली की नाही हे बघायची ही सोपी परीक्षा आहे, मंडळातल्या मुलांनी करून बघावी.

मग लक्षात आलं की माझ्या ओळीत एक हलणारी जागा आहे, 'येईल'. मराठीतलं 'येईल' खात्रीनेही म्हणता येतं, अंदाजानेही, आणि समजूत घालायलाही. व्याकरण बदलत नाही, बोलणारा बदलला की अर्थ बदलतो. म्हणून मी पालुपदं वाटून दिली. पहिल्या आणि सहाव्या ओळीत आजी म्हणते. बारावीत तीच ओळ आई म्हणते, आजीला. तिथे 'येईल' खोटं आहे आणि दार उघडं राहतं ते आजीसाठी. अठरावीत ती मी म्हणते. घड्याळाची ओळ मात्र शेवटपर्यंत आजीचीच ठेवली, कारण घड्याळाबद्दल तिला कोणी उत्तर देत नाही.

यावर एक आक्षेप मीच घेते. आमचं रोजचं उत्तर खोटं आहे. तिला मिळणारा दिलासा खोट्यावर उभा आहे, आणि तो तिच्यापेक्षा आम्हाला जास्त मिळतो का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. संध्याकाळ शांत जाते ती कोणाची? आई म्हणते, एवढा विचार करू नकोस, जा भाजी निवड. बिशपला खर्ड्यात जी कबुली द्यावीशी वाटली, वरचं सगळं खोटं आहे ही, ती माझ्याही हातून दोनदा लिहून खोडली गेलीय.

सरांना कविता दाखवली. त्यांना अठरावी ओळ आहे तशीच हवी आहे, न बदलता. पालुपदाची शपथ मोडू नये म्हणतात. माझ्या वहीत तिचे दोन पाठ आहेत. एक तोच. दुसऱ्यात आजीला झोप लागलीय, रात्रीचे साडेनऊ झालेत, कडी माझ्या हातात आहे, आणि मी जागं कोणी नसताना विचारते, दार लोटू का गं, तो येईल आता?

दोन्हींपैकी कुठला अंकात द्यायचा ते शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.